तिच्यासाठी घेतलेला टाइम-आउट

ती आमच्या संघाची डावा कोपरा होती. कबड्डीत सात जणी मैदानात उतरतात; दोन टोकांना ज्या उभ्या राहतात त्या कोपरा. समोरच्या संघाची पोरगी चढाईला आत येते तेव्हा तिचा पाय पहिल्यांदा त्यांच्याच आवाक्यात येतो. आमची ही पोरगी खाली वाकून, जवळजवळ बसूनच, त्या पायाची वाट बघायची. चढाईवाली खोटा पाय टाकायची, हात नाचवायची, ही जागची हलायची नाही. खरा पाय पडला की दोन्ही हातांची बोटं घोट्याभोवती अशी अडकायची की पंचाची शिट्टी होईपर्यंत सुटायची नाहीत. एकोणीस वर्षांची होती. वजन पन्नास किलोसुद्धा नव्हतं. पासष्ट किलोची पोरगी तिनं एका पायावर अडवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मी त्या संघाची कर्णधार होते आणि चढाया करायचे. आमचं मैदान मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, सरांच्या शेतात होतं. सर म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. सोयाबीनच्या रानाचा एक तुकडा त्यांनी मोकळा ठेवला होता. माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून त्यांनी मैदान केलं, आणि आसपासच्या तीन-चार गावांतल्या आम्ही बारा जणी रोज कॉलेज आटोपून तिथं जमायचो.

सामन्याआधी पंच नखं तपासतात. वाढलेली नखं घेऊन मैदानात उतरता येत नाही. हे काम तिनं स्वतःकडे घेतलं होतं. पिशवीत नेलकटर ठेवायची आणि सामन्याच्या सकाळी एकेकीला समोर बसवून सगळ्यांची नखं कापायची. कुणी म्हणालं, "माझी मी कापते गं," तर म्हणायची, "तू कापशील, पण करंगळी सोडशील. मला म्हाईत हाय तुझी." आणि खरंच करंगळीचं नख राहिलेलं असायचं.

ऊसतोडीचा हंगाम चालू होता. सराव संपवून ती वडिलांच्या स्कुटीवर एकटीच निघाली. मी आणि आमची उजवा कोपरा माझ्या गाडीवर मागून निघालो. आम्हाला पंधरा मिनिटं उशीर झाला, कारण मी सरांशी एका पकडीबद्दल बोलत उभी राहिले होते. त्या पंधरा मिनिटांबद्दल मी पुढं पुष्कळ विचार केला आणि शेवटी तो विचार सोडून दिला.

दिवस मावळला होता, पूर्ण अंधार नव्हता. वळणापुढं दोन माणसं हात करून गाड्या थांबवत होती. रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर, उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. टायर फुटलं म्हणून ड्रायव्हर ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर घेऊन गेला होता. चाकांना दगड लावलेले होते. ट्रॉलीच्या मागं हातभर ऊस बाहेर आलेला. त्या मागच्या बाजूला दिवा नव्हता, रेडियम नव्हतं, एखादं लाल फडकंही नव्हतं. समोरून एक गाडी अप्पर लाइट लावून आली होती, असं त्या दोघांनी सांगितलं. त्या उजेडात तिला ट्रॉली दिसलीच नसणार.

आम्ही तिला एका जीपमध्ये घेतलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जालन्याच्या वाटेवर, निम्मं अंतर व्हायच्या आत, तिचा श्वास थांबला. उजवा कोपरा तिचा हात धरून बसली होती. तिलाच आधी कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

पंचनामा झाला. ट्रॉलीला मागं दिवा आणि रेडियम नसल्याचं पोलिसांनी त्यात लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथून गेलो तर ट्रॉली नेलेली होती. दगड रस्त्यावरच पडले होते. आम्ही दोघींनी उतरून ते उचलून नालीत टाकले.

तिसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. आधी ते दबक्या आवाजात होतं. पोरगी मोबाइलवर बोलत होती म्हणे. लई जोरात चालवायची म्हणे. मोबाइल तिच्या पिशवीत, चड्डी-बनियनच्या खाली होता. ती पिशवी मीच तिच्या आईला नेऊन दिली होती. आणि जोरात चालवायचं म्हटलं तरी ती स्कुटी चाळिसाच्या वर जात नव्हती. मग ते बोलणं मोठ्यानं व्हायला लागलं आणि त्याचा रोख बदलला. पोरींना संध्याकाळचं खेळायला कशाला पाठवायचं? खेळायला गेली नसती तर वाचली असती.

आठवड्यानं संघातल्या आणखी दोघींचे वडील सरांकडे आले. त्यातले एक म्हणाले, "सर, आमची पोरगी आता येणार न्हाई. जे झालं ते पाहून तिची माय जेवून न्हाई राह्यली."

सर म्हणाले, "बसा. चहा घ्या."

"चहा नको. तुमच्यावर राग न्हाई आमचा. पण खेळापायी जीव गेला ना एक."

"खेळापायी न्हाई गेला," सर म्हणाले. "कॉलेजातून येताना झालं असतं तर कॉलेज बंद केलं असतं का तुम्ही?"

तो माणूस चहा न घेताच उठला. पण पोरगी आली नाही. दुसरीही आली नाही. बारा जणींच्या नऊ राहिलो.

स्पर्धेचं बोलावणं त्याआधीच आलेलं होतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या गावात दरवर्षी एक मंडळ महिलांचे खुले सामने भरवायचं. सर म्हणाले, न जायचं असेल तर मी कळवतो, कुणी काही म्हणणार नाही. आम्ही नऊ जणी मैदानात गोल बसलो होतो. उजवा कोपरा म्हणाली, "सर, अपुन नहीं गये तो वो लोगां बराबर ठरेंगे." ती घरी उर्दू बोलायची आणि मनातून बोलायला लागली की मैदानातही तिची तीच भाषा यायची. "खेळापायी गेली म्हणणारे बराबर ठरतील. मी जाणार."

जायचं ठरलं. सामन्याआधी तिला श्रद्धांजली वाहायची, हेही ठरलं. दंडाला काळी फीत, दोन मिनिटं स्तब्धता, आणि संघाच्या वतीनं मी चार शब्द बोलायचे. सरांनी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. ते लगेच हो म्हणाले. म्हणाले, एक मिनिट देतो, पण काय बोलणार ते आधी लिहून दाखवा.

ते एक मिनिट लिहायला आम्हाला चार दिवस लागले. पहिल्यांदा मी जे लिहिलं ते कुठल्याही फ्लेक्सवर असतं तसंच होतं. काळाने घाला घातला, हसतं-खेळतं फूल कोमेजलं. मी ते वाचून दाखवलं. मग आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी, मधे उभी राहणारी पोरगी म्हणाली, "काळानं कुठं घातला घाला? ट्रॉली व्हती ती."

तिथून खरं लिहिणं सुरू झालं. प्रत्येक वाक्यावर आम्ही भांडलो. हेल्मेटवर सगळ्यात जास्त. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दोघी म्हणाल्या, ते सांगायचंच कशाला? लोक तेवढंच धरून बसतील. मी म्हणाले, आपण न सांगता ते लोकांना कळलं तर आपलं बाकीचं सगळं खोटं ठरेल. शिवाय खरं हे होतं की आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यावर कधी हेल्मेट नसायचं. केसांना पिना लावलेल्या असतात, घाम असतो, जवळच तर जायचंय. शेवटी ते लिहिलं, त्याच्यापुढं आमचंही लिहिलं. आणि नुसतं लिहून भागणार नव्हतं, म्हणून गाडी चालवणाऱ्या पाच जणींनी त्याच आठवड्यात हेल्मेट आणली.

कागद घेऊन मी आणि उजवा कोपरा तिच्या आईकडे गेलो. आईच्या परवानगीशिवाय एक शब्द बोलायचा नाही, ही सरांची अट होती. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला सारलं. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ती आपल्या बाजूनं चालली व्हती, हे लिव्हलं का?"

"नाही, काकू."

"ते लिव्हा. लोक माझ्या तोंडावर बोलून राह्यले का पोरगी बेफाम व्हती म्हणून. माझी पोरगी खेळून घरी यायली व्हती. पळून न्हवती चालली कुठं." तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं. आम्ही उठलो तेव्हा म्हणाली, "मी येते त्या दिवशी. गाडीत जागा ठेवा."

शेवटी जो मजकूर झाला तो असा होता. तिचं नाव मी इथं लिहीत नाही; मैदानात आम्ही ते घेतलं होतं.

"आमची डावा कोपरा तीन आठवड्यांपूर्वी अपघातात गेली. ती सराव करून घरी चालली होती. ती आपल्या बाजूनं चालली होती. पुढं उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नव्हता, रेडियम नव्हतं. आमच्या मैत्रिणीच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आमच्याही नसायचं, आता असतं. काळानं तिला नेलं असं म्हणू नका. खेळायला गेली म्हणून मेली असं तर अजिबात म्हणू नका. आम्ही खेळणार आहोत. ट्रॉलीवाल्यांनो, मागं रेडियम लावा."

सरांनी घड्याळ लावून वाचून घेतलं. अडतीस सेकंद. अध्यक्षांनी दिलेल्या मिनिटात आरामात बसत होतं. आम्ही नऊही जणींनी ते पाठ केलं, म्हणजे माझा आवाज फुटला तर दुसरी कुणी पुढं नेईल.

सामन्याच्या दिवशी सकाळीच आम्ही पोचलो. अध्यक्ष मंडपात खुर्चीवर बसले होते. पन्नाशीचे, पांढऱ्या कपड्यांतले, बोलायला मोकळे. त्यांचे स्वतःचे चार ट्रॅक्टर त्या हंगामात ऊस वाहत होते. ती ट्रॉली त्यांची नव्हती, हे आम्हाला माहीत होतं आणि तसं आम्ही कधी म्हटलंही नाही. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

"ताई, हे काय लिहून आणलंय?"

"श्रद्धांजली आहे," मी म्हणाले.

"ही श्रद्धांजली न्हाई, ही तक्रार झाली. इथं निम्मे लोक ट्रॅक्टरवाले बसणार. त्यांनी वर्गणी दिली, मैदान त्यांनी करून दिलं. त्यांच्या तोंडावर हे वाचायचं?"

"कुणाचं नाव नाही त्यात. रेडियम लावा एवढंच आहे."

"मला समजतंय. पोरगी गेली, वाईट झालं. पण ट्रॉलीचं काढा. रेडियमचं काढा. बाकीचं वाचा."

सर म्हणाले, "ते काढलं तर काय राह्यलं?"

अध्यक्षांनी कागद घडी करून मला परत दिला. "मंग तुम्ही वाचू नका. आमचा निवेदक दोन शब्द बोलेल, स्तब्धता होईल, सामना होईल. दुखवट्यात वाद नको."

आम्ही मंडपाबाहेर आलो. लिंबाच्या झाडाखाली तिची आई बाटलीतलं पाणी पीत बसली होती. तिला सांगायचं कसं, ते मला कळेना. उजवा कोपरा माझ्या मागं उभी होती. ती हळू म्हणाली, "टाइम-आउट तर आपलाच असतो ना?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून नियमांचं छोटं पुस्तक काढलं. ते पुस्तक त्यांच्याकडे कायम असायचं आणि आम्ही त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. प्रत्येक डावात प्रत्येक संघाला दोन टाइम-आउट, प्रत्येकी तीस सेकंदांचे. कर्णधारानं मागायचा, मुख्य पंचानं द्यायचा. त्या वेळात संघानं मैदान सोडायचं नाही. सोडलं तर समोरच्यांना एक गुण. सरांनी दोनदा वाचलं.

"काय बोलायचं न् काय न्हाई, ते कुठंच लिहिलेलं न्हाई," ते म्हणाले. "पण विचार करा. बोलणं अडतीस सेकंदांचं, दोन्ही टाइम-आउट यात गेले तर डावात अडचणीच्या वेळी दम घ्यायला एकही उरणार न्हाई. हरू शकता."

"हरू," मधे उभी राहणारी म्हणाली.

चारच संघ आले होते, त्यामुळं आमचा पहिलाच सामना उपांत्य फेरीचा होता, दुपारी चारला. समोर अंकुशनगरकडच्या गावांतला संघ होता. धिप्पाड पोरी, ऊन आणि उसाच्या कामाला सरावलेल्या. त्यांची कर्णधार मला आधीपासून ओळखत होती. आदल्या वर्षी तिनं माझ्या तीन पकडी केल्या होत्या. तिनं माझ्या दंडावरची काळी फीत बघितली आणि नुसती मान हलवली.

निवेदकानं माइकवर सांगितलं की एका गुणी खो-खोपटूला आपण मुकलो आहोत. खो-खो. काळाच्या क्रूर घाल्याबद्दल तो बोलला, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो म्हणाला. दोन मिनिटं स्तब्धता जाहीर झाली आणि वीस-पंचवीस सेकंदांत त्यानंच ती मोडली, कारण मंडपाच्या वाटेत कुणाचीतरी जीप आडवी लागली होती. मी प्रेक्षकांत बघितलं. तिची आई बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती, हात मांडीवर, ताठ.

सामना सुरू झाला. डाव्या कोपऱ्यात आम्ही राखीवमधली पोरगी उभी केली होती. ती सतरा वर्षांची, घाबरलेली, आणि समोरच्यांनी ते लगेच ओळखलं. पहिल्या तिन्ही चढाया तिच्याच अंगावर आल्या. दोन गुण गेले. चौथ्या वेळी तिनं डोळे मिटूनच घोटा धरला आणि उजवा कोपरा धावून आली म्हणून पकड झाली. सातव्या मिनिटाला आम्ही पाच, त्या सहा. माझी चढाई संपवून मी मध्यरेषेवर आले आणि दोन्ही हातांनी खूण करून टाइम-आउट मागितला.

कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. आमचा सरपंच बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला, किडकिडीत, केस पिकलेला माणूस होता. त्यानं शिट्टी दिली. आम्ही सातही जणी मैदानाच्या आत, आपल्या बाजूला, बायकांच्या रांगेकडे तोंड करून उभ्या राहिलो. मी सुरुवात केली. "आमची डावा कोपरा..." एवढंच म्हणून झालं आणि भोंग्यावर गाणं सुरू झालं. अध्यक्ष निवेदकाच्या टेबलाजवळ उभे होते. आम्ही सातही जणी एकदम बोलायला लागलो तरी आमचंच आम्हाला ऐकू येईना. तीस सेकंद गेले. शिट्टी झाली.

गाणं मात्र थांबलं नाही. पुढची चढाई त्यांची होती. चढाई करणारीनं एका श्वासात, सगळ्यांना ऐकू जाईल असं "कबड्डी कबड्डी" म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. दम तुटला तर ती बाद. त्यांची पोरगी आत आली, ओठ हलत होते, आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. ती परत गेली तेव्हा सरपंचानं सामना थांबवला आणि चालत टेबलाकडे गेला. त्यानं तोंडासमोर हात धरून काहीतरी सांगितलं. गाणं बंद झालं, आणि त्याचं शेवटचं वाक्य सगळ्या मैदानाला ऐकू आलं.

"दम ऐकू येत नाही. सामना संपेपर्यंत भोंगा बंद राहील. नाहीतर मी सामना घेणार नाही."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, टाइम-आउटला तर..."

"सामना संपेपर्यंत," सरपंच म्हणाला आणि परत आला.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मी लगेच दुसरा टाइम-आउट मागितला. त्यानं शिट्टी दिली आणि घड्याळाकडे बघत उभा राहिला.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सात जणी एकत्र, मोठ्यानं. चढाया करून करून आमचे आवाज कमावलेले होते, पण एकत्र बोलायचं तर सावकाश बोलावं लागतं. तिचं नाव घेतलं तेव्हा मैदानाभोवतीचं बोलणं बंद झालं. ती आपल्या बाजूनं चालली होती, हे म्हटलं तेव्हा तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. दिवा नव्हता, रेडियम नव्हतं. कडेला उभ्या ट्रॅक्टरच्या टपावर बसलेल्या माणसांपैकी एकजण ओरडला, "मॅच खेळा, मॅच." आम्ही थांबलो नाही. माझा आवाज हेल्मेटच्या वाक्याला बसला. बाकीच्यांनी ते पुढं नेलं. आता असतं, असं त्या म्हणाल्या आणि शिट्टी झाली.

तीस सेकंद संपले होते. महत्त्वाची वाक्यं अजून राहिली होती. सरपंचानं हात वर केला. नियम तो नियम. मी जागेवर परत वळले.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "टाइम-आउट."

समोरच्या संघाची कर्णधार मध्यरेषेजवळ उभी होती. सरपंचानं विचारलं, "तुमचा?"

"आमचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, रेषेपलीकडूनच म्हणाली, "माझा बाप ट्रॅक्टरच चालवतो. राह्यलेलं बोल."

माझा आवाज बसलेलाच होता. ते सतरा वर्षांच्या पोरीनं म्हटलं, डाव्या कोपऱ्यातून, एकटीनं, सामन्यात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्यानं. काळानं तिला नेलं असं म्हणू नका. खेळायला गेली म्हणून मेली असं तर अजिबात म्हणू नका. आम्ही खेळणार आहोत. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ट्रॉलीवाल्यांचं शेवटचं वाक्य म्हटलं. बारा-तेरा सेकंद लागले असतील. उरलेला वेळ कुणी काही बोललं नाही. अध्यक्षही नाहीत. बायकांच्या रांगेत तिची आई उठून उभी राहिली होती. तिच्याकडे बघून तिच्या शेजारच्या उभ्या राहिल्या, मग ती सगळी बाजू. दोन मिनिटांची स्तब्धता जी झाली नव्हती, ती त्या पंधरा-सतरा सेकंदांत झाली.

सामना आम्ही हरलो. सरांनी सांगितलं होतं तसंच झालं. पहिल्या डावाच्या शेवटच्या दोन मिनिटांत आमच्या दोघीच मैदानात उरल्या, तेव्हा थांबून काही ठरवायला टाइम-आउट नव्हता. दोघीही बाद झाल्या. सगळा संघ बाद झाला की समोरच्यांना दोन गुण जादा मिळतात, त्याला लोण म्हणतात. आम्ही तीन गुणांनी हरलो. त्यातले दोन ते.

सामन्यानंतर अध्यक्ष आमच्याजवळ आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पुढच्या साली बोलावणं येणार न्हाई तुम्हाला," ते म्हणाले.

सर म्हणाले, "बरं."

तिची आई मागं उभी होती. ती पुढं आली. "दादा," ती अध्यक्षांना म्हणाली, "माझी पोरगी कबड्डी खेळायची. तुमच्या माणसानं खो-खो सांगितलं. तेवढं भोंग्यावर दुरुस्त करा. मंग जातो आम्ही."

अध्यक्ष टेबलाकडे गेले. आम्ही गाडीत बसेपर्यंत भोंग्यावर दुरुस्ती झाली. नावही नीट घेतलं.

पुढची दोन वर्षं त्या स्पर्धेचं बोलावणं आलं नाही. आम्ही दुसरीकडे खेळलो. थांबलेल्या दोघींपैकी एक महिन्याभरानं परत आली. तिचे वडील तिला स्वतः सोडायला यायचे आणि सराव संपेपर्यंत बांधावर बसून राहायचे. दुसरी कधीच आली नाही. तिचं लग्न झालं.

त्याच हंगामात, सामन्यानंतर आठवड्यानं, अंकुशनगरकडची ती कर्णधार आणि तिच्या संघातल्या तिघी रेडियमच्या पट्ट्यांचे दोन रोल घेऊन आमच्या मैदानावर आल्या. "नुसतं बोलून काय होतं," ती म्हणाली. "चला." आम्ही चौफुलीवर गेलो. ट्रॉल्या चहाला थांबत होत्या. बहुतेक ड्रायव्हर म्हणाले, लावा ताई, आमचंबी बरंच हाय. पट्टी ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीला लावायची, उसाला नाही. आधी माती पुसायची, मग कोरड्या फडक्यानं दाबून बसवायची, नाहीतर दोन दिवसांत सुटते. हे आम्ही तिथंच शिकलो. चाकांना लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकायचे, हेही आम्ही प्रत्येकाला सांगायचो.

एकानं नकार दिला. दाढीवाला, घाईत होता. म्हणाला, "माझ्या ट्रॉलीला हात लावायचा न्हाई. तुम्ही कोण? आरटीओ का?"

उजवा कोपरा त्याच्या ट्रॉलीच्या मागं उभी होती, हातात रोल, दात लावून पट्टी तोडत. तिनं मान वर केली. "न्हाई, चाचा," ती म्हणाली. "आम्ही कबड्डीवाल्या. लावल्याशिवाय इथून हटत न्हाई." आणि ती खरंच हटली नाही. मी ट्रॅक्टरच्या पुढं जाऊन उभी राहिले. त्या चौघी माझ्या शेजारी आल्या. तो माणूस दोन मिनिटं हॉर्न वाजवत बसला, मग त्यानं इंजिन बंद केलं आणि उतरून चहा प्यायला गेला.